मुक्तास पत्र: नाकाच्या जागी काय ठेवायचं

वेळणेश्वर, गुहागर

चि. मुक्तास, अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीची खोली पसंत पडली, काकू शेजारीच राहतात, स्वयंपाकघराला खिडकी आहे, हे सगळं फोनवर कळलं. फोनवर तू मला तीन वेळा "हो बाबा" म्हणालीस. गॅसचं बोलायला लागलं की तू असंच म्हणतेस, म्हणून हे लिहून पाठवतोय. कागद जपून ठेव.

स्कूटरवरून पडलीस तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं ते आठवतं ना? नाकाच्या वरच्या बाजूला चाळणीसारखं भोकाभोकांचं हाड असतं, त्यातून वासाचे बारीक तंतू मेंदूकडे जातात, आणि डोक्याला हिसका बसला की ते तुटतात. तसे तुझे तुटले आणि वास कळायचा बंद झाला. नाक दिसायला धड आहे, सर्दी नाही, त्यामुळे लोकांना खरं वाटत नाही. तुझ्या आत्येने परवा कापूर हुंगायला दिला आणि "गार लागतं" असं तू म्हणताच तिला वाटलं, वास परत आला! गारवा, झोंबणं, मिरचीचा ठसका हे वेगळ्या नसेचं काम आहे, आणि ती तुझी शाबूत आहे. त्या भरवशावर राहू नकोस. गॅस झोंबत नाही.

आता माझ्या धंद्यातलं. एजन्सीत मेकॅनिक म्हणून सगळी नोकरी गेली, तेव्हा एवढं बोलायचा हक्क आहे. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन नावाचं घाणेरड्या वासाचं द्रव्य मुद्दाम घालतात. म्हणजे घरगुती गॅसची सगळी सुरक्षितता माणसाच्या नाकावर बेतलेली आहे. तुझ्या घरात ते नाक नाही, तेव्हा त्याच्या जागी दुसरं काहीतरी बसवायलाच हवं.

ते म्हणजे गॅस डिटेक्टर, आणि तो कुठे लावतेस यावर सगळं आहे. आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. गळला की तो जमिनीवर पसरतो, ओट्याखाली आणि कपाटाच्या तळाशी साचतो. त्यामुळे डिटेक्टर जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर, सिलिंडरच्या बाजूच्या भिंतीला. दारामागे नको, कपाटाच्या आत नको, आणि कुकरची वाफ थेट येईल असाही नको. दुकानदार तुला छताला लावायला सांगेल, कारण शहरात पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हलका असतो आणि त्याचा डिटेक्टर वरच लावतात. तुझ्याकडे सिलिंडर आहे, हे त्याला बजावून सांग आणि खोक्यावर एलपीजीसाठी आहे ना, ते वाच.

किती गॅस म्हणजे धोका, तेही हिशेबाने समजून घे. हवेत सुमारे दोन टक्के गॅस मिसळला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. तुझं स्वयंपाकघर दहा बाय आठ, उंची नऊ फूट धरली तर आतली हवा वीस घनमीटर. तिचे दोन टक्के म्हणजे जेमतेम एक किलो गॅस. सिलिंडरमध्ये 14.2 किलो असतो. शिवाय तो खोलीभर सारखा पसरत नाही, खाली दाट राहतो, म्हणून जमिनीलगत त्याहून कितीतरी कमी गॅसही पुरतो. चांगला डिटेक्टर त्या पातळीच्या बराच आधी ओरडतो. एवढा वेळ हाताशी मिळावा, यासाठीच तो घ्यायचा.

त्याच्याही मर्यादा आहेत. सॉकेटमध्ये खोचायचा असेल तर वीज गेली की तो मुका, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती असते ते मी तुला सांगायला नको. बॅटरीची सोय असलेलाच घे. त्यावरचं टेस्टचं बटण फक्त भोंगा वाजतो का ते सांगतं, आतला सेन्सर जिवंत आहे का ते नाही. सेन्सरचं आयुष्य ठरलेलं असतं, बहुतेकांचं पाचेक वर्षं. ते खोक्यावर लिहिलेलं असतं. बसवलास त्या दिवसाची तारीख त्याच्या पाठीवर मार्करने लिही.

दुसरी गोष्ट म्हणजे तो उगाचही ओरडेल. डासांचा स्प्रे, सॅनिटायझर, परफ्यूम, कधी कडक फोडणी, कशानेही. डोळस माणूस... आपलं, नाकाचा माणूस हुंगून म्हणतो, "काही नाही, स्प्रे आहे." तुला ते म्हणता येणार नाही. दोनचारदा असं झालं की माणूस कंटाळून डिटेक्टर काढून ठेवतो. पुष्कळ घरांत मी तो ड्रॉवरमध्ये पडलेला पाहिलाय. तुझ्यापुरता नियम असा, की काकूंनी येऊन हुंगून सांगेपर्यंत प्रत्येक भोंगा खरा.

समज, रात्री दहाला भोंगा वाजला. पाऊस आहे, खिडक्या बंद आहेत. दिवा चालू असेल तर चालू राहू दे, बंद असेल तर बंदच. कुठलंही बटण दाबायचं नाही, एक्झॉस्ट पंखा तर नाहीच. भोंगा थांबवायला डिटेक्टरची पिन ओढू नकोस, त्यातही ठिणगी पडते. शेगडी पेटलेली असेल तर विझव. हात पोचत असेल तर रेग्युलेटर बंद कर, दार-खिडकी उघड आणि बाहेर पड. काकूंची बेल दाबायची नाही, दार हाताने ठोकायचं. फ्रिज आपल्या मर्जीने चालू-बंद होतो, म्हणून खाली जिन्यात मीटरजवळ मेन स्विच असेल तर तो पाड. मोबाइल बाहेर गेल्यावरच काढ, आणि 1906 लाव. गॅसगळतीसाठी देशभर हाच नंबर आहे, रात्रीही चालतो. आग दिसली तर 112. पुन्हा आत जायचं ते मेकॅनिकने सांगितल्यावरच.

बहुतेक गळती सिलिंडर बदलताना होते. टाकीच्या तोंडात आत काळं रबरी वायसर असतं, ते फाटलेलं किंवा नसलेलं, हेच दहातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ. टाकी आणणाऱ्याला दारातून परत पाठवू नकोस. त्याच्यासमोर टोपी काढायला लाव, वायसर बघ, रेग्युलेटर बसवायला लाव. मग शेगडीची बटणं बंद आणि रेग्युलेटर चालू ठेवून साबणाचा फेस जोडावर आणि नळीच्या दोन्ही टोकांवर लाव. बुडबुडा एका जागी पुन्हा पुन्हा फुगत राहिला तर गळती आहे. तुझ्यासाठी ही तपासणी नाकापेक्षा चांगली, कारण ती डोळ्यांनी होते. काडी पेटवून तपासणारे शहाणे अजून आहेत, त्यांना घरात घेऊ नकोस. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची. तिच्यावर साल छापलेलं असतं, ते आधी बघ, घरमालकाने कधीची लावली आहे कोण जाणे.

आणि खिडकी. समुद्राकडची आहे म्हणालीस. दुपारी वारा सुटला की मंद आचेवरची ज्योत विझते आणि गॅस तसाच चालू राहतो. आपल्या घरी आईला लगेच कळायचं, तुला कळणार नाही. दूध, डाळ मंद आचेवर ठेवून पडवीत जायचं बंद. ज्योत विझली की आपोआप गॅस तोडणारी शेगडी मिळते, ती घे. खरं सांगू? जन्मभर गॅसवर पोट भरलेला माणूस मी, पण तुझ्या चहा-भाताला इंडक्शन घे, असंच सांगेन. वीज गेली तरच शेगडी. रात्री रेग्युलेटर बंद करून झोपायचं, हे सांगायला नकोच.

धुराचं थोडक्यात. झोपेत वासाने जाग येईल याचा भरवसा नाक असलेल्यांनाही नसतो, त्यामुळे त्या बाबतीत तू आणि मी सारखेच. धुराचा अलार्म छताला, निजायच्या खोलीत. स्वयंपाकघरात नको, बांगडा तळताना रोज वाजेल. जास्त काळजी वायरची. खाऱ्या हवेने सॉकेटच्या आत हिरवट गंज चढतो, जोड सैल होतो, तापतो. इतरांना प्लास्टिक जळल्याचा वास येतो, तू मात्र बोटांनी आणि डोळ्यांनी पाहायचंस. गिझर आणि इंडक्शन बंद केल्यावर प्लग हाताला गरम लागतो का, पिनेभोवती तपकिरी डाग आलाय का, आठवड्यातून एकदा बघ. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर वापरूच नकोस. त्याच्या विषारी वायूला कोणालाच वास नसतो.

राहिलं खाणं. इथे एकच धरून ठेव: चाखून बघणं ही परीक्षा नव्हे. जिभेला आंबट कळेल, पण आंबट न होताही अन्न बिघडतं. त्यातही बांगडा आणि सुरमई. मासा उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं. त्याला वास असेलच असं नाही, आणि शिजवल्यावरही ते जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, लोक म्हणतात मासळीची अ‍ॅलर्जी. त्यामुळे बाजारात सकाळीच जायचं आणि बर्फावरचाच मासा घ्यायचा. कल्ला उघडून बघ, लालभडक हवा, तपकिरी नको. डोळा फुगीर आणि स्वच्छ, अंगठ्याने दाबलेला खळगा लगेच भरून यायला हवा. मोरी ही मासळी मात्र तुला फसवणार नाही, जुनी झाली की तिच्यातला अमोनिया नाकात झोंबतो आणि ते झोंबणं तुला अजून कळतं.

नारळाच्या वाटणाचं कालवण आपल्या हवेत दुपारचं संध्याकाळपर्यंत बाहेर टिकत नाही. भातही तसाच, त्यातलं एक विष पुन्हा गरम करूनही मरत नाही. शिजवल्यापासून दोन तासांत फ्रिजमध्ये, उन्हाळ्यात तासाभरात. डब्यावर कागदी टेप लावून तारीख आणि वेळ लिही, शंका आली तर टेपवर विश्वास ठेव, जिभेवर नाही. दूध उकळून फाटतं का बघायचं.

शनिवारच्या गाडीने येतो. डिटेक्टर, नवी नळी आणि दोनचार वायसर बरोबर आणतो. ओट्याजवळ खालचा सॉकेट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून कळव, फार वर असेल तर वायर ओढायचं सामान घेऊन येईन.

तुझे
बाबा

ता. क. वीज रात्रभर गेली तर फ्रिजमधलं मासळीचं कालवण सकाळी टाकून दे. फुकट गेलं म्हणून आईला सांगू नकोस, मी सांगतो.