उशी आणि उपाशी

सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. हर्नियाच्या ऑपरेशनला आलेले, टोपी उशाखाली जपून ठेवणारे ते मालवणकडचे म्हातारे, त्यांची मी मुलगी.

तुमच्याकडे येण्याआधी बाबा दुसऱ्या एका दवाखान्यात होते, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. तिथल्या बाईंनी दारातूनच, मास्कच्या आडून विचारलं, "उपाशी आहात ना?" बाबांना ऐकू आलं, "उशी आहे ना?" उशी होती. त्यांनी मान डोलावली. सकाळी सहाला पेज जेवून निघाले होते! भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं, म्हणून अन्नाला निदान 6 तास आणि साध्या पाण्याला 2 तास उलटावे लागतात. पेजेचं माझ्या तोंडून सहज निघालं म्हणून निभावलं. ऑपरेशन पुढे गेलं, वर बोलणीही आम्हीच खाल्ली: "कळत नाही तर मान कशाला हलवता?" पण न ऐकताही 'हो' म्हणता येईल असा प्रश्न विचारला कोणी?

तुमच्याकडे पत्र्यावर पाऊस कोसळत होता. तुम्ही खिडकी लावलीत, समोर येऊन मास्क खाली केलात आणि विचारलंत, "आजोबा, शेवटचा घास कधी खाल्लात?" बाबा गप्प. मी सवयीनं तोंड उघडलं, तर माझ्याकडे न बघताच तुम्ही हात वर केलात. बस, तो हात! गेली कित्येक वर्षं त्यांच्या वाटची उत्तरं मीच देत आलेय, हे मला तेव्हा उमगलं.

जरा वेळानं बाबा म्हणाले, "घास आयकलंय गे बाय, फुडचा नाय आयकाक इला."

तुम्ही आवाज चढवला नाहीत, शब्द बदललेत. "काल रात्री किती वाजता जेवलात?" "आठ वाजता."

नंतर त्यांना म्हणालात, नुसतं 'आँ?' केलं की लोक तेच पुन्हा ओरडून सांगतात. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, म्हातारपणी निसटणारी व्यंजनं निसटतातच. म्हणून जेवढं ऐकू आलं तेवढं सांगायचं, समोरचा राहिलेलंच सांगतो. मी तेव्हा उशीचा किस्सा सांगितला. 'उपाशी'तला 'पा' गळला की उशीच उरते, यावर तुम्ही हसलात, पण लगेच म्हणालात, "चुकीचं ऐकलंय हेच माहीत नसेल तर माणूस विचारणार कसं? म्हणून मान हलवायची नाही. 'होय, उशी आहे' असं पूर्ण बोलायचं." तसं बोलले असते तर त्या बाईंनाही तिथल्या तिथे कळलं असतं.

माणसाला चार क्षण थांबू देणं याला पैसे पडत नाहीत, तरी ते किती दुर्मीळ झालंय.

परवा बाजारात बाबा कोळणीला सांगत होते, "सुरमय आयकलंय, भाव नाय आयकाक इलो." तिनं भाव परत सांगितला. तो मात्र ऐकून न ऐकल्यासारखा करून ते पुढे निघाले.

तुमची आभारी,
आजोबांची मुलगी