ताबा लांबल्याबद्दल भरलेल्या हप्त्यांवरील व्याजाची मागणी

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक

विषय : सदनिकेचा ताबा मुदतीत न दिल्याबद्दल भरलेल्या रकमेवर दरमहा व्याज मिळण्याबाबत.

महोदय,

नोंदणीकृत करारनाम्यात ताब्याची तारीख 31 डिसेंबर 2023 लिहिलेली आहे. आज ऑगस्ट 2025 संपत आला, तरी पुण्यातील आपल्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही, लिफ्टच्या जागी मोकळे भोक आहे आणि नवव्या मजल्यावरील माझ्या घराच्या बाल्कनीला कठडा नाही. इमारतीची ही अवस्था आपल्याला ठाऊक असणारच, म्हणून तिचे वर्णन इथेच थांबवते.

या पत्राचे कारण मागच्या आठवड्यात आपल्या ग्राहक संबंध विभागाशी झालेले संभाषण आहे. व्याजाचा विषय काढताच तेथील गृहस्थ म्हणाले, "मॅडम, महारेरावर प्रकल्पाची तारीख वाढलेली आहे, म्हणजे उशीर झालेलाच नाही." मी करारातली तारीख वाचून दाखवली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि मग अत्यंत सौजन्याने विचारले, "पण भाडे तर तुम्ही आधीपासूनच भरत होतात ना?" मी काही क्षण गप्प राहिले. ते त्यांनी बहुधा होकार समजले असावे, कारण लगेच त्यांनी तोडगा सुचवला: आत्ता 'फिट-आउट ताबा' घ्या, फर्निचरचे काम सुरू करा, फक्त एका पत्रावर सही करा. ते पत्र मी मागवून वाचले. त्यात मला ताबा मिळाला असून उशिराबद्दल माझी कोणतीही मागणी उरलेली नाही, असे लिहिले होते. कठडा नसलेल्या बाल्कनीत सुतार बोलावण्याची मुभा आणि त्या बदल्यात कायद्याने मिळालेला हक्क सोडायचा, हा सौदा ज्यांना सुचला त्यांच्या कल्पकतेचे मला कौतुक वाटते. ती थोडी बांधकामाकडे वळली असती तर बरे झाले असते.

आता मुद्द्याचे. प्रकल्पाच्या नोंदणीची मुदत वाढणे ही आपली आणि महारेराची बाब आहे. माझ्याशी झालेल्या करारातली तारीख त्याने बदलत नाही. रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार विलंब करारातील तारखेपासूनच मोजायचा असतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्येच स्पष्ट केले आहे. याच कलमाप्रमाणे, प्रकल्पातून बाहेर न पडणाऱ्या ग्राहकाला ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याच्या विलंबासाठी व्याज द्यावे लागते. मला पैसे परत नकोत, घर हवे आहे, आणि म्हणून ते मिळेपर्यंतचे व्याजही हवे आहे. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय दिलेला 'फिट-आउट ताबा' मी ताबा मानणार नाही.

हिशेब अवघड नाही. ताब्याच्या तारखेपर्यंत मी आपल्याला 60,00,000 रुपये भरले होते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे व्याजाचा दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर अधिक 2 टक्के. सोयीसाठी तो 11 टक्के धरला, तर महिन्याला 55,000 रुपये होतात आणि जानेवारी 2024 ते ऑगस्ट 2025 या 20 महिन्यांचे 11,00,000 रुपये. प्रत्यक्ष दराने आकडा थोडा इकडेतिकडे होईल, तेवढा फरक मी मान्य करीन. दर जास्त वाटत असल्यास एक आठवण करून देते : बँकेकडून माझा एक हप्ता उशिरा आला तेव्हा आपण विलंब व्याजाची पावती मला तत्परतेने पाठवली होती. उशीर ग्राहकाचा असो वा विकासकाचा, व्याजदर एकच असावा, असे कायदाच सांगतो. उशीर माझा होता तेव्हा आपल्याला ते बरोबर आठवले.

दरम्यान मी एकाच वेळी घरभाडे आणि कर्जावरील व्याज, दोन्ही भरते आहे. होय, भाडे मी आधीपासूनच भरत होते. ते बंद व्हावे म्हणूनच तर आपल्याकडे घर घेतले. नमुना सदनिका दाखवताना आपल्याच माणसांनी दोनदा सांगितले होते की आपली कंपनी दिलेली तारीख पाळते. त्या शब्दावर मी इतर दोन प्रकल्प सोडले, याचे मला आज वाईट वाटते.

माझी मागणी अशी : आजवरचे व्याज पंधरा दिवसांत माझ्या खात्यात जमा करावे, यापुढील व्याज ताबा मिळेपर्यंत दरमहा द्यावे आणि भोगवटा प्रमाणपत्रासाठी केलेल्या अर्जाची प्रत, अर्ज केला असल्यास, मला पाठवावी. उत्तर लेखी हवे, फोन नको. तसे न झाल्यास मी कलम 31 खाली महारेराकडे तक्रार दाखल करीन. त्या आदेशानंतरही पैसे न आल्यास वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होते, हे आपल्या विधी विभागाला विचारून घ्यावे.

ते 'फिट-आउट'चे पत्र सही न करता सोबत परत पाठवत आहे.

आपली,
सदनिकाधारक, नववा मजला

सोबत : करारनाम्यातील ताब्याच्या कलमाची प्रत, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या, आपण आकारलेल्या विलंब व्याजाची पावती.