वरचं दूध सुरू झालं, तरी पान्हा टिकला

सिस्टर,

सादर नमस्कार.

चौदा आठवड्यांच्या डोसाला मी माझ्या चेडवाला, लेकीला घेऊन उपकेंद्रात आले, तेव्हा तुम्ही वजन केलंत, ५ किलो ४०० ग्रॅम भरलं आणि मला रडू फुटलं. वजन चांगलं असताना ही का रडते, असं तुम्हाला वाटलं असेल. मला वाटत होतं, माझं दूध संपत आलंय आणि ते माझ्याच हातून झालंय. त्या दिवशी रांग असूनही तुम्ही मला बाजूच्या बाकावर बसवून तासभर दिलात. त्याचे आभार तोंडी मानले होतेच, पण त्या तासात तुम्ही जे शिकवलंत ते माझ्यासारख्या इतर बायकांच्याही हाती पडावं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

वेंगुर्ल्यात मी काजूच्या कारखान्यात ग्रेडिंगला आहे. चार आठवड्यांनी कामावर हजर व्हायचं होतं. बाळाला सवय व्हावी म्हणून मी तुमच्याकडे येण्याच्या आठ दिवस आधीपासून दिवसातून पाच वेळा, पाजून झालं की लगेच ६० मिली पावडरचं दूध देत होते. त्याला आणखी एक कारण होतं. छाती पूर्वीसारखी भरून येत नव्हती, आणि संध्याकाळी ती सारखी अंगावर मागायची. शेजारच्या काकी म्हणाल्या, दूध आटलं.

तुम्ही पहिला गैरसमज तिथेच काढलात. दीड-दोन महिन्यांनंतर छाती मऊ राहते, कारण बाळाला लागेल तेवढंच दूध बनू लागतं. मऊ छाती म्हणजे दूध कमी असं नव्हे. संध्याकाळची किरकिरही बहुतेक बाळांची असतेच. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट नीट भिजतात का आणि वजन वाढतं का, एवढं बघायचं. पण मग त्या आठ दिवसांत ती खरंच अंगावर कमी ओढू लागली होती, दोन मिनिटांत तोंड सोडून रडायची, ते का? तुम्ही म्हणालात, "गो बाय, छातीत राहिलेलं दूध शरीराला सांगतं की आता कमी बनव. तू तिचं पोट वरून भरतेस, ती अंगावरचं टाकते, आणि ते मागे राहतं." दूध मुळात कमी नव्हतं. ते कमी होऊ लागलं होतं त्या ३०० मिलीमुळे.

आधी तुम्ही हेही स्पष्ट सांगितलंत, की सहा महिने निव्वळ अंगावरचंच सगळ्यात चांगलं, आणि माझं काम सुटण्यासारखं नाही म्हणूनच आपण हे जमवतोय. हे मला खूप बरं वाटलं. ना दोष दिलात, ना खोटा धीर.

वरचं एकदम बंद करायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. छातीला वाढायला वेळ लागतो, तोवर बाळ उपाशी राहू नये. पाचपैकी दुपारी चारचं वरचं दूध तसंच ठेवायचं, कारण त्या वेळी मी कामावरच असणार. उरलेली चार दर तीन दिवसांनी १५ मिलीने कमी करायची. ६० ची ४५, मग ३०, मग १५, मग बंद. प्रत्येक वेळी आधी दोन्ही बाजूंना पाजायचं, मगच वरचं. आणि वरचं दिलं की दहा मिनिटं हाताने दूध काढायचं, थेंबच आले तरी. ते थेंबच छातीला आणखी दूध बनवायचा निरोप देतात, हे तुमचं वाक्य मी धरून ठेवलं. रात्रीचं पाजणं मात्र एकदाही चुकवायचं नाही, दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं म्हणून.

सहाव्या दिवशी मी घाबरून तुम्हाला फोन केला, कारण ती पुन्हा सारखी मागू लागली होती. तुम्ही लंगोट विचारलेत. सात. "मग पाजत रहा, तीच तुझं दूध वाढवते आहे," म्हणालात. बाराव्या दिवशी फक्त चारचं वरचं दूध राहिलं. चौदाव्या दिवशी वजन ५ किलो ६५० ग्रॅम होतं.

मग राहिलं सकाळी साडेदहाचं अंगावरचं पाजणं, कारण तेव्हाही मी कामावरच असणार. मला साडेदहाचं आणि चारचं पाजणं एकदम सोडायचं होतं, ते तुम्ही नाकारलंत आणि बरं केलंत. मी एक दिवस तुमचं न ऐकता दोन्ही चुकवली, तर उजव्या बाजूला गाठ धरली आणि दुखू लागलं. तिला वारंवार पाजून, हलक्या हाताने दूध काढून आणि वर गार फडकं ठेवून दोन दिवसांत गाठ गेली. लाल होऊन ताप आला असता तर थेट डॉक्टरांकडे यायचं, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं.

आता मी साडेदहाला कारखान्यातल्या मागच्या खोलीत हात साबणाने धुऊन दूध काढते आणि बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते. आपल्याकडच्या उकाड्यात ते बाहेर राहू द्यायचं नाही. घर दहा मिनिटांवर आहे, म्हणून एकच्या सुट्टीत येऊन मी अंगावरच पाजते. काढलेलं दूध सासूबाई चार वाजता आधी देतात, आणि कमी पडलं तरच पावडरचं करतात. दोन्ही एकत्र मिसळत नाहीत, नाहीतर उरलं तर आईचं दूधही टाकावं लागतं.

किती द्यायचं याचा हिशेबही तुम्ही कागदावर मांडलात. किलोमागे दिवसाला साधारण १५० मिली, म्हणजे ५ किलो ४०० ला ८१० मिली, आणि आठ वेळा पिते म्हणून एका वेळी १०० च्या आसपास. हा अंदाज, बाळ तोंड फिरवेल तिथे थांबायचं. सासूबाई पावडरचं दूध आधी पातळ करायच्या, "बाळाला जड होईल" म्हणून. तुम्ही त्यांना समोर बसवून दाखवलंत: विहिरीचं पाणी खळखळून उकळायचं, अर्ध्या तासाच्या आत वाटीत घ्यायचं, आधी पाणी, मग सपाट केलेले चमचे. आमच्या डब्यावर ३० मिलीला एक, तेवढेच. पाणी वाढवलं तर पोट भरतं, वजन नाही. नीट कोमट करून द्यायचं, आणि उरलं ते टाकायचं, पुढच्या वेळेला ठेवायचं नाही.

बाटली तुम्ही घरात येऊ दिली नाहीत. बाटलीतून दूध पटकन येतं, मग अंगावर ओढायचा कंटाळा येतो, आणि बूच नीट धुताही येत नाही. त्याऐवजी तुमचं स्वतःचं चांदीचं बोंडलं दिलंत. सासूबाई ते रोज उकळतात आणि चेडवाला मांडीवर जरा उठवून बसवून, घोट घोट ओठाशी लावतात. ती स्वतः जीभ पुढे काढून पिते.

आज कामावर जाऊन सहा आठवडे झाले. सकाळी, एकला, संध्याकाळी घरी पोचताच आणि रात्री दोनदा ती अंगावर पिते. ती घरी रडत असेल असं मनात आलं, की कारखान्यातच पान्हा येतो, अजूनही.

पुढच्या महिन्यात नाचणीची पेज सुरू करायची आहे. गुरुवारी तिला वजनाला आणते, तेव्हा बोंडलं उकळून, स्वच्छ फडक्यात बांधून परत करते. तुमच्याकडे आता दुसरी कोणी आली असेल.

आपली,
चेडवाची आई