ऑक्सिजनची सवय लागत नाही, आई

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर ईशूच्या नाकातली नळी दिसली की आई रडते, बाबा गप्प होतात आणि बोलायचं तेच राहून जातं. म्हणून सगळं नीट लिहून पाठवतेय. दादाला सांगितलंय, प्रिंट काढून देईल.

ईशू मजेत आहे. अंगावर पिते, हसते, वजन 4.2 किलो झालंय. दवाखान्यातलं सगळं तुम्हाला माहीतच आहे, ते पुन्हा उगाळत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. ती सप्टेंबरात झाली तरी तिची तारीख डिसेंबरातली होती. म्हणून इथे इंग्लंडमध्ये तिला दोन महिन्यांचीच धरतात आणि तिच्याकडून अपेक्षाही तेवढ्याच ठेवतात. शेजारच्या नातवाशी तुलना करू नका.

आता आईचा प्रश्न, ऑक्सिजनची सवय लागली तर? आई, सवय लागत नाही. हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये, लहान बाळांच्या वॉर्डात माझं कामच हे आहे. तुमच्या डोळ्यांसमोर अजून 2021 चा कोविड आहे. तेव्हा काकांना मिनिटाला पाच-पाच लिटर लागत होता. ईशूला मिनिटाला 0.2 लिटर लागतो. नळीच्या बाजूने ती आपली साधी हवाही ओढतेच. सगळं मिसळून तिच्या छातीत पोचणाऱ्या हवेत ऑक्सिजन 25 टक्क्यांच्या आसपास असतो. तुमच्या-माझ्या हवेत तो 21 टक्के असतो. फरक एवढाच, पण तेवढ्यासाठीच नळी आहे.

हा फरक नसला तर काय होतं? रक्तातला ऑक्सिजन बराच काळ कमी राहिला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूला जोर लावून रक्त ढकलावं लागतं. बाळ दूध पिताना थकतं, वजन वाढत नाही. वजन वाढलं नाही तर फुप्फुसही वाढत नाही. म्हणजे नळी लवकर काढण्याच्या घाईने ती उलट जास्त दिवस राहते. तिचं सॅच्युरेशन 93 किंवा त्याच्या वर ठेवायचं असं ठरलंय. बाबा, 94 दिसलं की तुम्ही "कमी आहे" म्हणता, पण तिच्यासाठी तो उत्तम आकडा आहे.

घरात एक कॉन्सन्ट्रेटर आहे. तो खोलीतलीच हवा ओढून त्यातला नायट्रोजन शोषून घेतो आणि उरलेला ऑक्सिजन नळीत सोडतो, त्यामुळे तो भरून आणावा लागत नाही. वीज गेली तर म्हणून एक मोठा सिलिंडर आहे आणि बाहेर जाताना एक छोटा. छोट्यात साधारण 400 लिटर मावतो. मिनिटाला 0.2 लिटरने हिशोब केला तर 33 तास निघतात. तरी काटा पावावर आला की आम्ही तो बदलतो, कारण रस्त्यात किती वेळ अडकू ते सांगता येत नाही.

इथल्या एका पद्धतीचं मात्र तुम्हाला नवल वाटेल. घरी ऑक्सिजन आला की ते सगळ्यांना कळवायचं. वीज कंपनीला कळवलं की ते आपलं नाव वेगळ्या यादीत घालतात आणि ठरवून वीज बंद करणार असतील तर आधी सांगतात. घराच्या आणि गाडीच्या विमा कंपनीला कळवायचं. आणि अग्निशमन दलाला! काही पेटलेलं नसताना ती माणसं घरी येऊन, खोल्या बघून, धुराचे अलार्म तपासून देतात. पैसे घेत नाहीत. मशीन कुठे ठेवायचं, नळी दारातून कशी न्यायची हेही सांगतात. आपल्याकडे बंब दारात आला तर अख्खी गल्ली जमेल. इथे शेजारी बघतसुद्धा नाहीत. ऑक्सिजन स्वतः पेट घेत नाही, पण तो जिथे साचतो तिथे ठिणगीसुद्धा भडकते. कपड्यांत, पांघरुणात तो मुरून राहतो. म्हणून नळी नाकात नसेल तेव्हा प्रवाह बंद करायचा, नळी गादीवर चालू सोडायची नाही.

म्हणूनच आई, औक्षण नाही केलं. राग मानू नकोस. ज्योत तिच्यापासून तीन मीटर लांब हवी, मग निरांजन ओवाळणार कसं? कुंकू लावलं, सोन्याची अंगठी ओवाळली, तेवढं पुरे झालं. तू पाठवलेलं तेल हातापायांना लावते, चेहऱ्याला नाही, कारण तेलकट आणि व्हॅसलीनसारखी मलमं ऑक्सिजनजवळ चालत नाहीत. धुरी मात्र मुळीच नाही. ओवा असो की वेखंड, धूर तो धूरच. यावर आपलं पुन्हा भांडण नको.

अलार्म वाजला की काय करतेस, असं बाबांनी विचारलं होतं. आधी बाळाकडे बघते, मग मशीनकडे. रंग चांगला आहे, शांत आहे, तर बहुतेक वेळा सॅच्युरेशन मोजायला पायाला बांधलेली पट्टीच सैल झालेली असते. पाय हलत असेल किंवा गार पडला असेल तरी आकडा खोटा येतो. मग नाकातल्या दांड्या जागेवर आहेत का ते बघायचं. ती नळी ओढून काढण्यात पटाईत झालीय. तिथून मशीनपर्यंत हात फिरवत जायचं. पाळण्याच्या पायाखाली नळी दबते, जोड सुटतो, प्रवाहाचं बटण धक्क्याने हलतं. नाक चोंदलं असेल तर साफ करायचं. हे सगळं ठीक असून आकडा खालीच राहिला, किंवा श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, किंवा दूध अर्ध्यावर सोडून ती दमायला लागली, तर थांबायचं नाही, फोन करायचा. ओठ निळे दिसले तर थेट ॲम्ब्युलन्स. आपल्या मनाने ऑक्सिजन वाढवून गप्प बसायचं नाही. आकडा सुधारतो, पण मुळात न्यूमोनिया सुरू झाला असेल तर तो लपतो.

नळी कधी निघणार? बहुतेक मुलांची पहिल्या वर्षात निघते. तारीख मला विचारू नका, कुणीच देत नाही. रात्रभर मशीनवर तिचे आकडे नोंदवतात. झोपेत आणि पिताना ऑक्सिजन जास्त घसरतो, म्हणून दिवसाचा चांगला आकडा पुरत नाही. रात्र चांगली गेली आणि वजन वाढत असेल तर 0.2 वरून 0.1, आणि पुन्हा रात्रीची नोंद. मग बंद. बंद झाल्यावरही मशीन काही महिने घरातच ठेवतात, कारण पहिल्या सर्दीत पुन्हा लागू शकतं. तसं लागलं तर घाबरायचं नाही.

आता बाबांनी हळूच विचारलेलं, मोठेपणी काय? हे जरा सावकाश वाचा. फुप्फुसात दोन गोष्टी असतात. हवा आत नेणाऱ्या श्वासनलिका, आणि त्यांच्या टोकाचे वायुकोश, जिथे ऑक्सिजन रक्तात शिरतो. श्वासनलिकांची संख्या पोटात चौथ्या महिन्यातच ठरून जाते. पुढे त्या लांब-रुंद होतात, नवीन फुटत नाहीत. वायुकोशांचं उलट आहे. 26 व्या आठवड्यात ते जवळजवळ नसतातच. मोठ्या हॉलमध्ये भिंती घालून खोल्या पाडाव्यात तसे ते पडत जातात. ईशूच्या बाबतीत भिंती घालायच्या वेळीच व्हेंटिलेटरचा दाब, ऑक्सिजन आणि सूज आली, म्हणून खोल्या कमी आणि मोठ्या राहिल्या.

हे काम दोन-तीन वर्षांत संपतं असं पूर्वी मानत. इथे लेस्टरलाच मुलांना हेलियम वायू हुंगायला देऊन एमआरआय काढले होते. 2013 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात, अगदी लवकर जन्मलेल्या मुलांचे वायुकोश शाळकरी वयात वेळेवर जन्मलेल्यांसारखेच निघाले. म्हणजे भिंती पुढेही पडत राहतात. ईशूला अजून बरीच वर्षं आहेत.

नलिकांचं मात्र तसं नाही. त्या अरुंद राहू शकतात. 1995 साली या देशात 26 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचा अकरा वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा फुंकण्याच्या चाचणीत ती बरोबरीच्या मुलांपेक्षा मागे होती. पुष्कळजण शाळेत जात होते, खेळत होते, पण धावल्यावर दम, सर्दीत घरघर हे जास्त. याला लोक सरसकट दमा म्हणतात. दिसतं तसंच, पण दम्याचा पंप सगळ्यांना लागू पडतोच असं नाही. म्हणून पाच-सहा वर्षांची झाली की तिची फुंकण्याची चाचणी करून घ्यायची, ती ठणठणीत दिसली तरी. घरात कुणी ओढणार नाही, हे आता काकांनाही सांगा. त्यांना अंगणात जाऊन ओढायला सांगितलं तर त्यांनी रागवू नये. नळी निघाल्यावर मुलं बरी झाली समजून सगळे विसरतात, आणि नलिका तर तेव्हाही तशाच असतात.

पैशांचं सांगते. मशीन, सिलिंडर, नळ्या सरकारकडून आहेत. मशीनची वीजसुद्धा हिशोबाने परत मिळते. आईच्या बांगड्या मोडायचा विषय पुन्हा काढू नका, मला झोप लागत नाही.

आणि दादाचं लग्न. मे महिन्यात येणं होणार नाही. विमानात हवा विरळ असते, जमिनीवर 15 टक्के ऑक्सिजन असल्यासारखी. नळीवरच्या बाळाला तिथे साधारण दुप्पट प्रवाह लागतो, तोही चाचणी करून ठरवायचा, आणि इथली मशीनची सोय देशाबाहेर चालत नाही. वर हॉलमध्ये पाचशे माणसं, त्यात एक शिंकणारा पुरतो. तोवर नळी निघाली तरी एवढ्या लगेच प्रवास नको म्हणतील. वहिनीला मी स्वतः फोन करून सांगितलंय, ती समजून घेते. दादा "ठीक आहे" म्हणाला, पण त्याचं ठीक आहे मला कळतं.

मी बिनपगारी रजेवर आहे, म्हणून ठरलेले दोन लाख एकदम जमणार नाहीत. ऐंशी हजार या आठवड्यात पाठवते, हॉलचा हप्ता त्यातून भरा. उरलेले जूनपर्यंत. वहिनीची पैठणी माझ्याकडूनच घ्या, पैसे वेगळे पाठवते, आणि करवलीचा मान चिंगीला द्या. तिला माझी हिरवी साडी नेसवा, कपाटात वरच्या कप्प्यात आहे.

बाबा, बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
वैशू