हॉल तिकीट पहाटे काढ

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू इतकी वैतागली होतीस की काही सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणून आता लिहून पाठवतोय.

हॉल तिकीट संध्याकाळी सुटलं आणि तू साडेसातला बसलीस. त्याच वेळी माझ्या दुकानातही आठ मुलं रांगेत होती. एकाचंही निघालं नाही. त्यांना घरी पाठवलं, पहाटे साडेपाचला शटर उघडलं आणि सहाच्या आत सगळ्यांची निघाली. तूही उद्या पहाटेच बस. फक्त शेवटच्या दिवसावर ढकलू नकोस, फोटो किंवा नाव चुकलेलं निघालं तर हेल्पलाइनला कळवायला वेळ हवा.

तू म्हणालीस, कॅप्चा बरोबर टाकूनही चूक दाखवतंय. तीन टॅब उघडले होतेस ना? नवा टॅब उघडला की बऱ्याचदा जुन्या टॅबमधला कॅप्चा बाद होतो. डोळ्यांना तो बरोबर दिसतो, पण सर्व्हर आता नव्याची वाट बघत असतो. तेव्हा एकच टॅब ठेव. अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख आधी नोटपॅडमध्ये लिहून ठेव, म्हणजे पान उघडं ठेवून शोधाशोध करताना सेशन संपणार नाही. चाक फिरत असेल तर दोन मिनिटं हात लावू नकोस. रिफ्रेश म्हणजे रांग सोडून पुन्हा शेवटी जाऊन उभं राहणं. `504 Gateway Timeout` आलं तर मात्र ते पान बंद कर आणि दहा-पंधरा मिनिटांनी पहिल्यापासून लॉगिन कर.

फाइल उतरली की लगेच उघडून बघ. मागे एक मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन आला, फाइलचं नाव अगदी बरोबर, पण साइज 4 KB. उघडेचना. पीडीएफच्या नावाखाली एररचं पान सेव्ह झालं होतं. परीक्षा दुसऱ्या दिवशी होती, पोराचा चेहरा बघवत नव्हता. फोटो असलेलं तिकीट सहसा याच्या कितीतरी पट मोठं असतं.

प्रिंट ब्राउझरमधून न देता पीडीएफ उघडून दे. कागद A4, आणि `Actual size`. कडा कापल्या जात असतील तरच `Fit`. पोर्टलने पीडीएफ न देता नुसतं पान दाखवलं तर Ctrl+P दाबून `Background graphics` चालू कर आणि आधी पीडीएफ म्हणून सेव्ह कर. दुकानदाराला टोनर सेव्ह बंद करायला सांग. आम्ही लोक तो चालूच ठेवतो, आणि मग फोटोतला चेहरा राखेसारखा उमटतो. क्यूआर कोड तुझ्या मोबाइलवर स्कॅन होतोय का ते तिथेच बघ. सूचनांची पानंही काढ, सही आधी करायची की पर्यवेक्षकासमोर, ते त्यांतच दिलेलं असतं. दोन प्रती काढ आणि फाइल मला पाठव, एक प्रत मी इथे काढून ठेवतो.

साडेपाचला उठवायला आई फोन करणार आहे. उचल.

तुझे
बाबा