स्कॅन गेलं, वर्णन पाठवतोय

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुहास,

तुला सराव पेपर पाठवतो म्हणालो होतो, पण फोन भरला म्हणून फोटो उडवले आणि त्यात स्कॅनही गेलं. मूळ कागद क्लासच्या गठ्ठ्यात गेले, तिथे आता कुणालाच सापडत नाहीत. व्हॉट्सअॅपवर दोन पानांची धूसर, बोटाएवढी चित्रं तेवढी उरली आहेत. अक्षर एकही लागत नाही, मांडणी मात्र स्वच्छ दिसते. म्हणून तीच सांगतो. तू दोनदा यूपीएससीची मेन्स दिली आहेस, तुला एवढं पुरेल.

प्रश्न 10 गुणांचा, 150 शब्दांचा: सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेची कारणे व परिणाम. जागा दोन पानं. पहिल्या पानावर वरपासून काळा ठोकळा दिसतो. त्यात तीन ओळी प्रस्तावना, मग मधे श्वासही न घेता चौदा ओळी कारणं. खाली पानभर रुंद आकृती. दुसऱ्या पानावर पाच ओळी परिणाम, एक ओळ समारोप आणि खाली अर्धं पान कोरं. माझ्या ओळीत आठेक शब्द बसतात. म्हणजे प्रस्तावना आणि कारणांनाच 136 शब्द गेले, परिणामांच्या वाट्याला जेमतेम 40. प्रश्नात दोन्ही मागितलेत, आणि शब्दमर्यादा तर ओलांडलीच! लिहिताना हे जाणवलं नव्हतं रे, त्या कोऱ्या जागेने दाखवलं.

आकृती अशी: डावीकडे अरबी समुद्र, मधे डोंगर, चढता बाण, ढग, पलीकडे उतरता बाण. डोंगर मी दोन्हीकडून सारखा, तंबूसारखा काढला. खरं तर कोकणाकडे कडा उभा हवा आणि पूर्वेकडे पठाराचा मंद उतार. शिवाय हवा वर चढून थंड होते, पलीकडे उतरताना तापते, हेच वर पाच ओळींत पुन्हा लिहिलंय. ते काढलं तर 40 शब्द वाचतात. महाबळेश्वरला वर्षाला साधारण 6,000 मिमी आणि माण-खटावकडे 500च्या आसपास, हे आकडे मात्र डोंगराच्या दोन बाजूंना आकृतीतच लिहिले होते. ते ठेवावेत असं वाटतं.

अधोरेखनाचं हसू येतं. चित्रात जवळजवळ प्रत्येक ओळीखाली रेघ आहे, त्यामुळे 'कारणे' हे शीर्षकसुद्धा उठून दिसत नाही.

आता मला दोन गोष्टी सांग. परिणाम मुद्देसूद लिहू की शेती, पाणी, स्थलांतर असे तीन छोटे परिच्छेद करू? आणि आकृती प्रस्तावनेनंतर लगेच घेतली तर चालेल का? तीन तासांत वीस प्रश्न, त्यातले निम्मे 15 गुणांचे, म्हणून 10 गुणांच्या प्रश्नाला मी सात मिनिटं धरतो. त्यातली दीड आकृतीलाच जातात.

उद्या अभ्यासिकेत घड्याळ लावून हाच प्रश्न पुन्हा लिहितोय. फोटो काढले की आधी तुला डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, म्हणजे अक्षर फुटायचं नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मंदार