बाटली उलटी करून वाचा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत ‘पिंक टॅक्स’वरचा लेख वाचला. बायकांचा शाम्पू, डिओ आणि रेझर म्हणजे पुरुषांचाच माल, फक्त गुलाबी वेष्टनात आणि चढ्या भावात, असा त्याचा एकूण सूर. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत, इतरांच्या ब्रँडसाठी माल बनवून देणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आहे. तिथे जे पाहिले त्यावरून सांगते, की या तिन्ही वस्तूंना एकच उत्तर लागू होत नाही.

शाम्पूबद्दल लेखकाचे म्हणणे बरेचसे खरे आहे. आमच्याकडे मोठ्या टाकीत आधी ‘बेस’ तयार व्हायचा. भरपूर पाणी, फेसासाठी सोडियम लॉरेथ सल्फेट, तो फेस मऊ व्हावा आणि डोळ्यांना कमी झोंबावा म्हणून कोकामिडोप्रोपिल बिटेन, आणि शेवटी दाटपणासाठी चक्क मीठ. (घट्ट शाम्पू म्हणजे कसदार शाम्पू असे मानणाऱ्यांनी हे मीठ लक्षात ठेवावे.) मग त्याच बेसचा काही भाग एका भांड्यात जाई. तिथे मेंथॉल, निळा रंग आणि मर्दानी म्हणून विकला जाणारा वास पडे. उरलेल्या भागात फुलांचा वास आणि मोत्यासारखी झळाळी देणारा पदार्थ. दोन बाटल्या, दोन नावे, दुकानात दोन वेगळी कपाटे.

केसाला मात्र आपण कोणाच्या डोक्यावर आहोत हे ठाऊक नसते. केस दोघांचाही केराटिनचाच. फरक पडतो तो लांबीने. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीचे टोक पाच-सहा वर्षे जुने असते. तेवढी वर्षे ऊन, विंचरणे आणि धुणे सोसलेल्या टोकांना सिलिकोन किंवा पॉलिक्वाटर्नियमसारख्या मऊपणा आणणाऱ्या पदार्थांचा खरोखर उपयोग होतो. बायकांच्या काही शाम्पूंत ते जास्त असतात आणि तिथे बाटल्या खऱ्या अर्थाने वेगळ्या ठरतात. पण मग केस वाढवलेल्या मुलाने तीच बाटली घ्यावी आणि बॉबकट केलेल्या त्याच्या आईने त्याच्या वडिलांची. कोंड्याचेही तसेच. बाटलीत झिंक पायरिथिऑनसारखे औषधी द्रव्य आहे का ते पाहायचे, वर पुरुषाचे चित्र आहे की बाईचे ते नाही.

आता हे घरबसल्या कसे ओळखायचे? आपल्याकडच्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर घटकांची यादी द्यावी लागते. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर, हव्या त्या क्रमाने. ही एक टक्क्याची रेघ छापलेली नसते, पण ती शोधायला एक खूण आहे. फिनॉक्सीइथेनॉल नावाचे परिरक्षक यादीत असेल तर ते पाहा. ते जास्तीत जास्त एक टक्काच वापरता येते, म्हणून त्याच्यानंतर जे जे येते ते सगळे एक टक्का किंवा त्याहून कमी.

समजा, एका बाटलीवर पुढे ठसठशीत अक्षरांत ‘जास्वंद’ आहे आणि दुसरीवर ‘चारकोल’. मागे दोन्हींवर पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, बिटेन, मीठ आणि परफ्यूम याच क्रमाने आले, आणि जास्वंदाचा अर्क व कोळसा दोन्ही फिनॉक्सीइथेनॉलच्या मागे उभे असले, तर तुम्ही पैसे वासाचे आणि चित्राचे देत आहात. अर्थात यादीत टक्केवारी नसते. एकात फेस करणारे द्रव्य दहा टक्के आणि दुसऱ्यात चौदा असले तरी दोन्ही याद्या सारख्याच दिसतील. शिवाय ६० मिलीहून लहान बाटलीला किंवा पाकिटाला ही यादी छापण्याची सक्तीच नाही. म्हणजे रुपया-दोन रुपयांचे सॅशे घेणाऱ्याला काहीच वाचता येत नाही.

डिओचे गणित निराळे. तिथली खरी फाळणी स्त्री-पुरुष अशी नाहीच. एका बाजूला ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेटसारखे क्षार असलेले घाम रोखणारे रोल-ऑन, ते घामाच्या छिद्रांच्या तोंडाशी तात्पुरते बूच बसवतात. दुसऱ्या बाजूला अल्कोहोल, वायू आणि सुगंध भरलेले स्प्रे, म्हणजे जवळजवळ अत्तरच. घामाचा त्रास असणारी बाई फुलांच्या वासाचा स्प्रे घेते आणि ‘लेडीज डिओ टिकत नाही’ म्हणते, तेव्हा दोष ‘लेडीज’चा नसतो. यादीत ॲल्युमिनियम नाही एवढेच कारण.

रेझरवर मात्र मला लेखकाशी भांडायचे आहे. पाते दोघांचे बहुधा एकाच तंत्राचे असते. जिलेटने २००१ साली बायकांसाठी व्हीनस आणला तो १९९८च्या मॅक थ्रीच्या तीन पात्यांच्या आधारावर. पण पात्याभोवतीची रचना वेगळी असते. दाढी आरशासमोर उभे राहून, थोड्याशा भागाची करतात. पाय मोठा, वळणावळणाचा, आणि काम चालते न्हाणीघरात, ओल्या हातांनी, गुडघ्यामागचे न दिसताच. म्हणून गोलाकार डोके, भोवती बुळबुळीत पट्टी आणि न घसरणारी जाड मूठ. याला खर्चही येतो आणि उपयोगही होतो. मात्र साध्या एकदा वापरून टाकायच्या रेझरमध्ये यातले काहीच नसते, असतो तो फक्त प्लास्टिकचा रंग. तिथे जो स्वस्त तो घ्यावा.

भावाबाबत लेखात न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागाचा २०१५चा अहवाल आला होता. त्यात सुमारे ८०० वस्तूंत बायकांचा माल सरासरी ७ टक्के महाग निघाला, आणि शाम्पू व कंडिशनर तर ४८ टक्के. पण त्याची दुसरी बाजूही छापायला हवी होती. २०१८मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने वैयक्तिक वापराच्या दहा गटांचा हिशेब केला. त्यांपैकी पाच गटांत बायकांचा माल महाग होता, त्यात काखेचे डिओही होते, आणि दोन गटांत पुरुषांचा. कॅलिफोर्नियाने २०२३पासून, जवळपास सारख्या मालाला केवळ स्त्री किंवा पुरुष ग्राहक म्हणून वेगळी किंमत लावण्यास बंदी केली आहे. पण ‘जवळपास सारखा’ ठरवायचे कसे, हा पेच तिथेही उरतोच. वास वेगळा म्हणजे माल वेगळा, असे उत्पादक म्हणणारच. आणि सुगंध हा बाटलीतल्या महागड्या घटकांपैकी एक असतो, हेही खोटे नाही.

आपल्याकडे असा कायदा नाही, पण वेष्टनावर मिलीला किंवा नगाला किती पैसे पडतात हे छापण्याचा नियम आहे. १८० मिलीची बाटली १८९ रुपयांना आणि २०० मिलीची १८० रुपयांना असेल, तर पहिली मिलीमागे १ रुपया ५ पैसे पडते आणि दुसरी ९० पैसे. मोठ्या आकड्यांत नऊच रुपयांचा दिसणारा फरक मिलीमागे खरा एक षष्ठांश होतो. फक्त ही एकक किंमत मुंगीएवढ्या अक्षरांत असते आणि दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत. आपल्या वार्ताहरांनी शहरातल्या दोन-तीन दुकानांत जाऊन दोन्ही कपाटांतल्या एकक किमती आणि घटकांच्या याद्या टिपून शेजारी-शेजारी छापाव्यात, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ, अंबरनाथ